स्लॅक-डिस्कॉर्डवर बोलायला सुरुवात कुठून करायची

डेटावर काम करणाऱ्यांच्या एका स्लॅक समुदायात मी अकरा महिने होतो. एवढ्या काळात माझ्या नावावर एकच मेसेज होता, तोही `#introductions` मधला, 'सगळ्यांना नमस्कार' एवढाच. मी लाजत होतो असं नाही. रोज ॲप उघडलं की दोन-तीनशे न वाचलेले मेसेज दिसायचे. ते वाचत खाली येईपर्यंत प्रश्नाला उत्तर मिळालेलं असायचं नाहीतर विषय बदललेला असायचा. मग मी सगळं 'वाचलं' करून ॲप बंद करायचो.

2006 साली वेबसाइटच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी ऑनलाइन समुदायांसाठी एक ढोबळ प्रमाण मांडलं होतं: शंभरातले 90 लोक फक्त वाचतात, 9 जण अधूनमधून लिहितात आणि 1 जण सतत लिहितो. हा अंदाज आहे, प्रत्येक ग्रुपला तंतोतंत लागू पडेल असं नाही. पण मला त्यातून एक गोष्ट उमगली. नव्वदातून बाहेर पडायचं म्हणजे त्या एकाची जागा घ्यायची असं मी धरून बसलो होतो. प्रत्यक्षात त्या नऊ जणांत येणं पुरतं, आणि त्यासाठी आठवड्याला दोन-तीन मेसेज भरपूर झाले. ते दोन-तीन मेसेज कुठे आणि कसे टाकायचे, तेवढंच इथे सांगतो. उदाहरण माझ्या कामातलं, पायथनमधल्या तारखांचं आहे, पण डिझाइन, लेखन, टेस्टिंग कुठल्याही व्यवसायाच्या ग्रुपमध्ये पद्धत हीच राहते.

आधी चॅनल छाटा

पहिलं काम लिहिण्याचं नाही, बंद करण्याचं आहे. डिस्कॉर्डवर सर्व्हरच्या चिन्हावर उजवं क्लिक करून `Notification Settings` उघडा, `Only @mentions` निवडा आणि `Suppress @everyone and @here` चालू करा. स्लॅकवर नको असलेल्या चॅनलमधून सरळ बाहेर पडा. सार्वजनिक चॅनलमध्ये केव्हाही परत येता येतं. बाहेर पडायला मन होत नसेल तर म्यूट करा.

आता एकच चॅनल चालू ठेवायचं. बहुतेक जण इथे `#general` निवडतात आणि तिथेच फसतात. तिथे घोषणा असतात, गप्पा असतात, आणि जुन्या मंडळींची एकमेकांशी ओळख असते. नवख्या माणसाला तिथे तोंड घालायला फट सापडत नाही. प्रश्न विचारले जातात ते चॅनल शोधा, `#help`, `#questions` किंवा एखाद्या साधनाच्या नावाचं. तिथले मागच्या आठवड्यातले प्रश्न वर सरकत जाऊन बघा. सगळ्या प्रश्नांना तेच दोघे-तिघे पाच मिनिटांत उत्तर देत असतील, तर तिथे तुमची गरज कमी आहे. एकालाही उत्तर मिळत नसेल तर चॅनल मेलेलं आहे. काही प्रश्नांना उत्तरं आहेत, काही अर्धवट राहिलेत आणि काही तसेच पडून आहेत, असं चॅनल आपल्या कामाचं.

डिस्कॉर्डवर फोरम प्रकारचं चॅनल असेल तर ते आधी धरा. तिथे प्रत्येक प्रश्नाची स्वतंत्र पोस्ट असते, त्यामुळे सहा तास उशिरा आलात तरी प्रश्न वाहून गेलेला नसतो. तुमचा दिवस सुरू होतो तेव्हा ग्रुपमधले निम्मे लोक झोपलेले असतील, तर हा फरक फार मोठा पडतो.

स्लॅकवर आणखी एक सोय आहे, आणि ती फारच थोडे लोक वापरतात. नोटिफिकेशनच्या सेटिंगमध्ये कीवर्ड लिहून ठेवता येतात. तुम्ही असलेल्या चॅनलमध्ये तो शब्द आला की तुम्हाला सूचना येते. शब्द मात्र अगदी अरुंद निवडा. मी आधी `pandas` हे पायथनमधल्या डेटा हाताळणाऱ्या लायब्ररीचं नाव लिहिलं आणि दिवसभर फोन वाजत राहिला. मग ते काढून तिच्यातल्या `to_datetime` आणि `read_csv` या दोन फंक्शनची नावं ठेवली. आता आठवड्याला तीन-चार सूचना येतात आणि त्यातल्या बहुतेकांवर मला काहीतरी बोलता येतं. डिस्कॉर्डमध्ये ही सोय ॲपमध्येच मिळत नाही. तिथे शोधाच्या चौकटीत `in:` लावून चॅनल आणि पुढे शब्द लिहून दोन-चार दिवसांनी एकदा चाळायचं.

ओळखीच्या मेसेजवर फार वेळ घालवू नका. काय काम करता, सध्या कशाशी झगडताय आणि कशात मदत करू शकता, अशी तीन वाक्यं झाली की पुरे. तिसरं वाक्य सोडू नका. 'विक्रीचे अहवाल बनवतो, विस्कटलेल्या सीएसव्ही फाइली साफ करण्यात बराच वेळ गेलाय' असं लिहिलं की महिन्याभराने कोणाला तरी ते आठवतं.

पहिला मेसेज उत्तराचा नसतो, उलट प्रश्नाचा असतो

आता खरा मुद्दा. अशा चॅनलमध्ये पडून राहिलेले प्रश्न बहुतेक वेळा अवघड नसतात, अपुरे असतात. जाणकार ते वाचतात, 'याला आधी चार गोष्टी विचाराव्या लागतील' म्हणतात आणि पुढे जातात. त्या चार गोष्टी विचारण्याचं काम नवख्याने करावं. त्यासाठी उत्तर माहीत असण्याची गरज नाही, काय माहीत असायला हवं तेवढं कळलं की झालं.

माझ्या बाबतीत घडलेला थ्रेड जवळून दाखवतो. कोणीतरी लिहिलं होतं:

> `pandas` मध्ये तारखा चुकीच्या येतायत. कोणी मदत करेल का?

दोन तास झाले होते आणि खाली कोणी विचारात पडल्याची इमोजी टाकली होती, बाकी काही नाही. मी थ्रेडमध्ये लिहिलं:

> `print(pd.__version__)` काय दाखवतं? आणि मूळ फाइलमधल्या दोन तारखा जशाच्या तशा टाकाल का, एक महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतली आणि एक नंतरची?

हे विचारायला मला एक मिनिट लागलं. दोन्ही गोष्टी विचारण्यामागे कारण होतं. `05-03-2024` ही 5 मार्च की 3 मे, हे यंत्राला कळत नाही. `13-03-2024` मध्ये मात्र शंका नाही, कारण तेरावा महिना नसतो. म्हणून बाराच्या आतली एक आणि बाहेरची एक हवी. आवृत्ती विचारायची कारण `pandas` च्या 2.0 पासून इथलं वागणं बदललं आहे.

समोरून आवृत्ती `1.5.3` आली आणि वरच्या दोन तारखाही आल्या. मी त्यावरून एवढासा नमुना बनवून चालवून पाहिला:

```python
import pandas as pd
s = pd.Series(["05-03-2024", "13-03-2024"])
print(pd.to_datetime(s))
```

जुन्या आवृत्तीत पहिली तारीख 3 मे झाली आणि दुसरी 13 मार्चच राहिली. प्रत्येक ओळीचा अंदाज वेगळा लावला जात होता आणि काम अडत नव्हतं. म्हणून त्या माणसाच्या मार्चच्या नोंदी वर्षभर विखुरल्या होत्या आणि काही मात्र बरोबर दिसत होत्या. 2.0 नंतर पहिल्या तारखेवरून एकच साचा ठरवला जातो आणि दुसरी तारीख त्यात बसली नाही की `ValueError` येते. म्हणजे नव्या आवृत्तीवर हा घोळ लगेच उघडा पडला असता.

मी उपाय म्हणून `dayfirst=True` लिहिलं. थोड्या वेळाने एका जुन्या सदस्याने खाली लिहिलं की तो पर्याय सक्तीचा नाही, फक्त झुकतं माप देतो. फाइलमध्ये कुठे महिना आधी लिहिलेला असेल तर तो जुन्या आवृत्तीत गुपचूप स्वीकारला जाईल. सरळ साचा द्यावा:

```python
pd.to_datetime(s, format="%d-%m-%Y")
```

साच्यात न बसणारी तारीख आली की हे थांबतं, आणि आपल्याला तेच हवं असतं. त्यांचं बरोबर होतं. मी माझं उत्तर पुसलं नाही. आधीच्या ओळीवर काट मारली आणि खाली 'वरचं सैल आहे, `format` वापरा, कारण खालच्या मेसेजमध्ये' असं जोडलं. स्लॅकमध्ये काट मारायला मजकुराच्या दोन्ही बाजूंना एकेक `~` लागतं, डिस्कॉर्डमध्ये दोन-दोन. पुसून टाकलं असतं तर खालचं उत्तर अधांतरी लटकलं असतं आणि पुढे शोधत आलेल्या माणसाला ते कशाबद्दल आहे हेच कळलं नसतं.

चारचौघांत चूक निघाली याचं मला त्या दिवशी वाईट वाटलं, हे खोटं कशाला सांगू. पण त्याच सदस्याशी पुढे माझं सगळ्यात जास्त बोलणं झालं. चुकीचं का होईना, चालवून पाहिलेलं उत्तर समोर असलं की जाणकाराला दुरुस्त करायला सोपं जातं. कोऱ्या पाटीवर लिहायचा त्यांनाही कंटाळा असतो.

एक पथ्य मात्र पाळा. चालवून पाहिलं नसेल तर तसं लिहा. 'मी तपासलेलं नाही, पण साच्याचा घोळ वाटतो' आणि 'साच्याचा घोळ आहे' या दोन वाक्यांमुळे समोरच्याचा जाणारा वेळ फार वेगळा असतो.

थ्रेडचं व्याकरण

उत्तर नेहमी थ्रेडमध्ये. स्लॅकवर मुख्य चॅनलमध्ये उत्तर टाकलं की ते दुसऱ्याच प्रश्नाच्या खाली जाऊन बसतं. थ्रेडमध्ये एकदा लिहिलं की पुढच्या उत्तरांच्या सूचना आपोआप येतात, वेगळी आठवण ठेवावी लागत नाही. उत्तराच्या चौकटीखाली `Also send to` चा पर्याय असतो. तो लावला की मेसेज चॅनलमध्येही दिसतो. मी तो फक्त शेवटच्या, सगळ्यांच्या उपयोगाच्या उत्तरासाठी वापरतो. प्रत्येक उत्तराला लावणारे लोक असतात, आणि त्यांना लोक म्यूट करतात.

डिस्कॉर्डवर साधं `Reply` वापरलं की मूळ लेखकाला पिंग जातो. चौकटीजवळचं `@ON` दाबून तो बंद करता येतो. तीन दिवसांपूर्वीच्या मेसेजवर सहज काही जोडत असाल तर बंद ठेवा. बोलणं लांबणार असेल तर त्या मेसेजवरून थ्रेड काढा. साध्या खात्यावर मेसेजला 2000 अक्षरांची मर्यादा आहे, त्यामुळे भलामोठा एरर लॉग तसाच चिकटवता येत नाही. चिकटवायचाही नाही. शेवटच्या आठ-दहा ओळी द्या, त्यातच बहुतेक वेळा कारण असतं. कोड आणि लॉग दोन्हीकडे तीन बॅकटिकच्या मध्ये टाकतात. तसं केलं नाही तर अंडरस्कोर आणि तारका मजकुराला तिरपा-ठळक करून गायब होतात आणि समोरचा माणूस तुमची नसलेली चूक शोधत बसतो.

`@channel` आणि `@here` विसरून जा. स्लॅकवर पहिल्याने चॅनलमधल्या सगळ्यांना सूचना जाते, दुसऱ्याने त्या वेळी सक्रिय असलेल्यांना. नवा सदस्य म्हणून हे वापरायचं एकही कारण मला सुचत नाही.

स्वतःचा प्रश्न

आधी शोधा. दोन्हीकडे `in:`, `from:`, `before:`, `after:` चालतात. स्लॅकच्या मोफत वर्कस्पेसमध्ये मात्र मागच्या 90 दिवसांचेच मेसेज दिसतात. त्यामुळे 'आधी झालंय, शोध की' असं कोणी म्हटलं आणि तुम्हाला काहीच सापडलं नाही, तर दोष तुमचा नाही. 'शोधलं, 90 दिवसांत मिळालं नाही' असं प्रश्नातच लिहून टाका, तो टोमणा येत नाही.

'कोणी आहे का?', 'एक विचारू का?' असे मेसेज टाकून वाट बघू नका. चॅटमध्ये समोरचा चार तासांनी येतो. तो 'विचारा' म्हणतो, तोवर तुम्ही झोपलेले असता आणि एक अख्खा दिवस जातो. पूर्ण प्रश्न एकाच मेसेजमध्ये टाका. वरच्या तारखांच्या माणसाचा प्रश्न असा असता तर मला काही विचारावंच लागलं नसतं:

> `pandas` 1.5.3. सीएसव्हीत तारखा दिवस-महिना-वर्ष अशा आहेत, उदा. `05-03-2024`. `pd.to_datetime` नंतर ती 3 मे होते, पण `13-03-2024` बरोबर येते. सगळ्या मार्चमध्ये हव्यात. फाइलमध्ये सेलचं फॉरमॅट बदलून पाहिलं, फरक पडला नाही.

यात आवृत्ती आहे, नमुना आहे, काय व्हायला हवं आणि काय होतंय ते आहे, आणि काय करून पाहिलं तेही आहे. मेसेज पाच ओळींचाच आहे. इंग्रजीत लिहावं लागत असेल आणि भाषेची धास्ती असेल, तर या आकाराचा आणखी एक फायदा होतो: छोटी वाक्यं, आकडे आणि कोड यात व्याकरण फारसं आड येत नाही.

खऱ्या कामाच्या फाइलमधल्या ओळी मात्र कधीच टाकू नका. दोन-तीन बनावट ओळींत तोच घोळ उभा करा. पासवर्ड किंवा एपीआयची किल्ली चुकून चिकटवलीत, तर मेसेज पुसून निश्चिंत होऊ नका. तो कोणाच्या तरी सूचनेत किंवा ईमेलमध्ये पोहोचलेला असू शकतो. आधी ती किल्ली रद्द करून नवी काढा, मग मेसेज पुसा.

उत्तर आलंच नाही तर? एक दिवस थांबा. मग त्याच थ्रेडमध्ये नवीन काहीतरी जोडा: आणखी एक प्रयोग, लहान केलेला नमुना, दुसऱ्या आवृत्तीवर काय झालं ते. नुसतं 'कोणी सांगेल का?' टाकलं तर ती भुणभुण वाटते. तोच प्रश्न तीन चॅनलमध्ये टाकणं त्याहून वाईट, कारण तीन माणसं एकच उत्तर वेगवेगळ्या ठिकाणी लिहीत बसतात आणि त्यांना ते कळतं. जाणकाराला थेट खासगी मेसेज करण्याचा मोहही आवरा. बऱ्याच ग्रुपच्या नियमांतच ते नको म्हटलेलं असतं. शिवाय खासगीत मिळालेलं उत्तर बाकी कोणाच्या उपयोगाला येत नाही.

उत्तर मिळालं आणि काम झालं की थ्रेडमध्ये शेवटची ओळ लिहायची. 'धन्यवाद' पुरेसं नाही. 'धन्यवाद, `format` दिल्यावर सगळ्या नोंदी मार्चमध्ये आल्या, साच्यात न बसणाऱ्या चार ओळी सापडल्या, त्या मुळातच चुकीच्या होत्या' असं लिहा. ही ओळ लिहिणारे इतके थोडे असतात की नावं लक्षात राहतात. दुसऱ्याच्या प्रश्नाखालीसुद्धा हे करता येतं. तेच उत्तर वापरून तुमचं काम झालं असेल तर दोन महिन्यांनी जाऊन 'माझ्याकडे 2.1 वरही चाललं' असं लिहिलं तर चालतं. कोणी हरकत घेत नाही.

किती वेळ द्यायचा

मी आठवड्यातून दोनदा वीस-वीस मिनिटं देतो. पहिल्या दहा मिनिटांत उत्तर नसलेले प्रश्न बघून त्यातल्या एकात काहीतरी विचारतो किंवा चालवून पाहतो. उरलेल्या दहा मिनिटांत माझ्या जुन्या थ्रेडना कोणी उत्तर दिलंय का ते बघतो. स्लॅकच्या `Threads` मध्ये हे एका जागी दिसतं. मधल्या दिवसांत कीवर्डची सूचना आली तरच आत शिरतो. वीस मिनिटांत एकही प्रश्न माझ्या आवाक्यातला नसेल तर काही न लिहिता बाहेर पडतो. हजेरी लावायला म्हणून लिहिलेला मेसेज लगेच ओळखू येतो.

हे जमतंय की नाही ते मेसेज मोजून कळत नाही, कारण दिवसाला वीस इमोजी टाकूनही माणूस गप्पच राहू शकतो. तुमच्या उत्तराखाली प्रश्न विचारणारा पुन्हा काही विचारतो का, ते बघा. दोन महिने झाले आणि तुमच्या एकाही थ्रेडमध्ये दुसरी फेरी झाली नसेल, तर बहुधा चॅनल चुकलं आहे. दुसरं निवडा.

माझ्या बाबतीत असं लिहायला लागल्यापासून पाचव्या महिन्यात एका नव्या सदस्याने तारखांचा प्रश्न टाकला. मी पाहण्याआधीच ज्यांनी माझी चूक काढली होती त्यांनी खाली माझं नाव टॅग केलं होतं. सोबत एवढंच लिहिलं होतं: 'यांना विचारा, यांनी हे भोगलंय.'